फाट्यावरची गाडी आणि होल्डवरचा माणूस

भामरागड तालुक्यात मी चौदा वर्षं शिक्षक आहे. इथल्या बऱ्याच घरांत माडिया बोलतात. मराठी समजते, पण घाबरलेल्या वेळी तोंडून निघत नाही. म्हणून दवाखाना, बँक, तहसील असं कुठलंही काम निघालं की जुने विद्यार्थी आधी मला फोन करतात आणि मी दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. हे काम करताना माझ्या हातून झालेली एक चूक मला सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. रात्री साडेनऊला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, वयनीले कळा सुरू झाल्या. पानी गेलं." त्याच्या पाड्यात रेंज नाही. गावामागच्या टेकाडावर एका मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन कांड्या येतात, तिथून तो बोलत होता. मी त्याला थांबायला सांगितलं, त्याचा फोन चालू ठेवूनच 108 लावला आणि गावाचं नाव, महिने, पाणी गेल्याची वेळ सांगितली. गाडी निघाली. तो कॉल संपवून मी परत विद्यार्थ्याकडे आलो. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

पंधरा मिनिटांनी, आम्ही बोलत असतानाच, गाडीच्या चालकाचा फोन आला. स्क्रीनवर दोन पर्याय होते: चालू कॉल होल्डवर ठेवून नवा घ्या, किंवा चालू कॉल संपवून नवा घ्या. घाईत मी दुसरा दाबला. चालक म्हणाला, "सर, फाट्यावर आलो, कोनीच दिसत नाही. डावीकडं घेऊ का सरळ?" ते मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते त्या मुलाला, आणि त्याचा फोन मीच कापला होता. मी परत लावला तर "संपर्क क्षेत्राबाहेर". फोन कटला म्हणजे काम झालं असं समजून तो टेकाड उतरून घरी गेला होता.

गाडी डावीकडे गेली. पाण्याखाली गेलेल्या रपट्यापाशी अडली आणि मागे फिरली. यात पाऊण तास गेला. गरोदर बाईला खाटेवर घालून माणसं चालत मुख्य रस्त्याकडे निघाली होती, त्यांच्या टॉर्चचा उजेड चालकाला योगायोगाने दिसला. बाळ वाटेतच झालं, रक्त बरंच गेलं. आई वाचली, मूलही वाचलं. पण तो पाऊण तास माझ्या अंगठ्याने घालवला, हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी फोनचा हा भाग नीट शिकलो.

पहिली गोष्ट होल्डची. कॉल होल्डवर ठेवला म्हणजे लाईन तुटत नाही, दोन्ही बाजूंचा आवाज फक्त थांबतो. पलीकडच्या माणसाला शांतता ऐकू येते, टूं-टूं वाजतं, किंवा हिंदी-इंग्रजीत सूचना लागते. ज्याला याची सवय नाही तो "कटला" म्हणून लाल बटन दाबतो. म्हणून होल्ड दाबण्याआधी मी आता ठरलेलं वाक्य बोलतो: "आवाज बंद होईल, फोन कानाला लावून ठेव, कापू नको, जागा सोडू नको." माडियात बोलायचं असेल तर माडियात. जागा सोडू नको, हे शेवटचं आमच्या भागात सर्वांत महत्त्वाचं, कारण टेकाडावरून दहा पावलं उतरलं की रेंज जाते.

दुसरी गोष्ट दोन कॉल बदलण्याची. एक चालू आणि एक होल्डवर असला की `Swap` दाबल्यावर त्यांची अदलाबदल होते. काही फोनांत होल्डवरच्या नावावर बोट ठेवलं तरी होते. घाई असली की इथेच गोंधळ उडतो: आपण चालकाशी बोलतोय असं वाटतं आणि पलीकडे घरचा माणूस असतो. म्हणून प्रत्येक वेळी बदलल्यावर मी आधी "कोण बोलतं?" विचारतो. बटनांचा साधा फोन असेल तर 2 दाबून हिरवं बटन दाबलं की बहुतेक ठिकाणी हेच काम होतं, आणि 3 दाबून हिरवं बटन दाबलं की दोन्ही कॉल जोडले जातात. 1 आणि हिरवं बटन मात्र जपून वापरा, त्याने चालू कॉल कायमचा तुटतो आणि दुसरा पुढे येतो. मी त्या रात्री स्क्रीनवर नेमकं हेच केलं होतं.

खरं तर मला बदलाबदल करायचीच गरज नव्हती. चालक आणि तो विद्यार्थी यांना एकमेकांशी जोडून द्यायला हवं होतं. चालू कॉल होल्डवर ठेवून चालकाचा फोन उचलायचा, मग `Merge` दाबायचं. तिघे एका लाईनवर येतात. त्यानंतर मी दोघांची नावं घेऊन "ऐकू येतं का?" विचारतो आणि दोघांकडून होकार आल्याशिवाय रस्ता सांगू देत नाही.

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका पाड्यासाठी मी अशीच जोडणी केली. पोरगा माडियात सांगत होता, "शाळेची पांढरी भिंत, तिच्यापुढं उजवीकडं," मी तेच मराठीत चालकाला देत होतो, आणि चालक लगेच विचारत होता, "भिंत दिसली, पुढं पुलिया आहे का?" एकाने विचारायचं, मी दुसऱ्याला फोन लावायचा, परत पहिल्याला सांगायचं, ही धावपळ राहिली नाही. सगळा रस्ता सहा मिनिटांत ठरला.

अशा कॉलमध्ये ज्याने जोडणी केली, त्याचा फोन हा खुंटा. त्याने ठेवला की सगळ्यांचीच लाईन तुटते. दुसरा कोणी तुटला तर बाकीचे राहतात आणि `Add call` करून त्याला परत घेता येतं. म्हणून जोडणी टेकाडावरच्या मुलाने करायची नाही. ज्याच्याकडे चांगली रेंज आणि भरलेली बॅटरी आहे त्याने करायची, आणि गाडी दारात उभी राहीपर्यंत जागेवरून हलायचं नाही. चालत्या गाडीत फोन 4जी वरून 2जी वर आला तर जोडलेले कॉल कधी कधी सुटतात. आमच्या रस्त्यांवर हे नेहमीचं आहे. जोडण्याची सोय पाच जणांपर्यंत असते, पण रात्रीच्या वेळी तिघांपेक्षा जास्त मी घेत नाही. चौथ्या माणसाचा "काय झालं, काय झालं" सगळं बुडवतो.

112 चा कॉल मात्र होल्डवर ठेवता येईल किंवा जोडता येईल असं धरून चालू नका. आपत्कालीन कॉलला या सोयी लागू होत नाहीत. तिथे आधी पूर्ण बोलून घ्यावं आणि मग बाकीच्यांकडे वळावं.

राहिली दोन सिमांची गोष्ट. एकाची रेंज जाते म्हणून आपल्याकडे जवळपास प्रत्येक फोनात दोन सिम असतात. एका सिमवर बोलणं चालू असताना बहुतेक फोनांत दुसरं सिम बंद असल्यासारखं होतं, त्या नंबरावर कोणी फोन केला तर "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं. वेगवेगळ्या सिमवरचे दोन कॉल सहसा जोडताही येत नाहीत. म्हणून 108 ला, आशाताईंना, घरच्यांना एकच नंबर द्या, आणि त्याच सिमवरून सगळे फोन लावा.

त्या नंबरावर बोलताना दुसरा कॉल कळतो का, हेही आधीच बघून ठेवा. `*#43#` लावलं की कॉल वेटिंग चालू आहे की बंद ते दिसतं, बंद असेल तर `*43#` ने चालू होतं. नेटवर्कने हा कोड घेतला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये `Call waiting` नावाची खूण असते. दर जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, आमच्या शाळेच्या पालकसभेत तीन फोन मागवून आम्ही हे सगळं करून बघतो. एक जण टेकाडावर जातो, एक जण शाळेत बसतो, एक जण फाट्यावर उभा राहतो.