एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे गुडघा नॉर्मल, असं नसतं गं

अगं मने, एक्स-रेत काही निघालं नाही म्हणून तू परत बॅडमिंटनला निघालीस, हे आईकडून कळलं. जरा थांब. उडी मारून खाली येताना पाऊल जमिनीवर रोवलेलं आणि गुडघा आत वळला, 'टक्' असा आवाज आला, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. आता सूज उतरली, सरळ चालताही येतं, पण जिन्यावर वळताना गुडघा सटकतो म्हणतेस. आम्ही एक्स-रे विभागातली माणसं हे वर्णन ऐकलं की पुढचं आधीच ओळखतो.

एक्स-रे म्हणजे मुळात सावली. हाडातलं कॅल्शियम किरणं अडवतं, म्हणून हाड पांढरं उमटतं. लिगामेंट, गादी, स्नायू, साचलेलं पाणी हे सगळं मात्र एकाच करड्या रंगात मिसळून जातं. तुझ्या फिल्मवर 'फ्रॅक्चर नाही' लिहिलंय ते खरंच आहे. प्रश्न एवढाच, की तुला लागलंय ते हाडाला नसावं.

एमआरआय किरणं वापरतच नाही. मोठ्या चुंबकात आपल्या शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून येणारे सिग्नल टिपून ते चित्र बनतं. त्यामुळे कुठे किती पाणी आहे, हे त्याला नेमकं कळतं. गुडघ्याच्या मधोमध तिरकं जाणारं पुढचं लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते घट्ट तंतूंचं असल्यामुळे चित्रात ताणलेल्या काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. ते तुटलं की पट्टा मध्येच खंडित होतो किंवा ढिला पडून वेडावाकडा होतो, आणि तिथे सूज पांढरी चमकते.

पण मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते हाडातलं मुकामाराचं चित्र. एसीएल तुटताना नडगीचं हाड क्षणभर पुढे सरकतं, आणि त्याची मागची बाहेरची कड मांडीच्या हाडावर आदळते. हाड मोडत नाही, म्हणून एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. मात्र आतल्या मज्जेत सूज येते. चरबीचा सिग्नल दाबून काढलेल्या चित्रांत ती मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर आणि नडगीच्या मागच्या बाजूला, अशी समोरासमोर दोन पांढुरक्या ढगांसारखी दिसते. ते ढग दिसले की गुडघा कसा वळला असेल, हे पेशंटनं न सांगताही कळतं. काही महिन्यांत ते विरतात, म्हणून वर्षभरानं काढलेल्या स्कॅनमध्ये हा पुरावा बहुधा सापडत नाही.

गादी, म्हणजे मेनिस्कस, काळ्या त्रिकोणासारखी दिसते. त्यात पांढरी रेघ असली तरी घाबरून जायचं नाही. ती रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली तरच ती फाटली असं धरतात. रिपोर्टात 'ग्रेड टू सिग्नल' लिहिलं असेल तर ते आतल्या आतच राहिलेलं असतं. ते वाचून लोक उगाच ऑपरेशनची चौकशी करत बसतात.

आता दुसरी बाजूही ऐक. तू निवांत पडलेली असताना स्कॅन होतो, त्यामुळे गुडघा प्रत्यक्षात किती सटकतो ते त्याला दिसत नाही. ते डॉक्टरांचा हातच सांगतो. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढतात, ती लॅकमन तपासणी. अर्धवट तुटलेल्या लिगामेंटच्या बाबतीत तर कधी कधी स्कॅनपेक्षा हाताचं ऐकावं लागतं. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि मग स्कॅन कर, उलटं नको. गुडघा अडकून सरळच होईनासा झाला, तर मात्र दिवस घालवू नकोस.

आणि बाबांच्या गुडघ्याला हे लावू नकोस हं. त्यांची झीज उभ्यानं काढलेल्या साध्या एक्स-रेत छान कळते, दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते. त्या वयात एमआरआय केला तर गादी फाटलेली निघेलच कदाचित, पण दुखणं तिच्यामुळेच आहे असं त्यावरून ठरत नाही.

स्कॅनला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना घरीच ठेव. शरीरात कुठे क्लिप, प्लेट किंवा पेसमेकर आहे का, हे विचारतील तेव्हा आठवून सांग. गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी आत जातात आणि डोकं बहुधा बाहेरच राहतं, म्हणून तुझ्या त्या लिफ्टच्या भीतीचं फारसं काही नाही. साधारण अर्धा तास ठकठक ऐकावी लागते, कानांत बोळे देतात. पाय तेवढा हलवू नकोस, चित्र पुसट होतं आणि पुन्हा काढावं लागतं. रिपोर्टाबरोबर सीडीही मागून घे. डॉक्टरांना मूळ चित्रं बघायची असतात, आणि मलाही.