पोटाचा एक्स-रे आधी, दिवस गेल्याचं नंतर कळलं

प्रश्न : मी श्रीगोंदा तालुक्यात राहते. गेल्या महिन्यात मुतखड्याची कळ आली, म्हणून नगरला पोटाचे दोन एक्स-रे काढले. आठवड्यानं पाळी चुकली आणि तपासणीत दिवस गेल्याचं कळलं. बाळात व्यंग येईल, पिशवी खाली करून घे, असं नात्यातले सांगतात. काय करू?

उत्तर : ताई, या कारणासाठी गर्भ पाडू नका.

तुम्ही कळवलेल्या तारखांप्रमाणे पाळी 2 तारखेला आली आणि एक्स-रे 24 ला झाला. गर्भधारणा साधारण पाळीनंतर चौदाव्या दिवसाच्या आसपास होते. म्हणजे त्या दिवशी गर्भ जेमतेम आठवड्याचा होता, पेशींचा एक छोटा पुंजका. या काळात फार मोठा किरणोत्सर्ग झालाच, तर गर्भ टिकत नाही. टिकला तर बहुधा व्यंगाशिवाय वाढतो, कारण अवयव घडायला अजून सुरुवातच झालेली नसते. पण तुमच्या बाबतीत किरणांची मात्राच फार कमी आहे.

ही मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. पोटाच्या एका एक्स-रेत गर्भाला सहसा तीन मिलिग्रेपेक्षा जास्त पोहोचत नाही. दोन धरले तर फार तर सहा. पन्नासच्या खाली व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं आढळलेलं नाही, आणि आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या मते शंभरच्या आत केवळ किरणांसाठी गर्भपात करणं समर्थनीय नाही. पुढे बालपणी कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते असं मानतात, पण इतक्या मात्रेला ही वाढ हजारात एकाहूनही कमी. उलट, एक्स-रे न काढलेल्या आयांच्या बाळांतही शंभरात सुमारे तिघांना जन्मजात दोष असतोच. तो तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. पण तसं झालं, तर दोष एक्स-रेला देऊ नका.

भीतीनं केवढं नुकसान होतं ते 1986 च्या चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये दिसलं. तिथे पोहोचलेला किरणोत्सर्ग अल्प होता, तरी हव्या असलेल्या सुमारे अडीच हजार गर्भांचे गर्भपात झाले असावेत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे.

एक खात्री मात्र करा. रिपोर्ट काढून तो साधा एक्स-रेच होता की सीटी स्कॅन, हे पाहा. सीटीत मात्रा बरीच जास्त असते, पुन्हा पुन्हा केला तर पन्नासच्या पुढेही जाऊ शकते. तसं असेल, तर तुमच्या डॉक्टरांना मात्रेचा हिशेब काढून घ्यायला सांगा. साधाच असेल, तर वेगळी तपासणी नको. फोलिक अॅसिडची गोळी आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी सगळ्यांप्रमाणेच. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणू नका. जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

कळ थांबवायला घेतलेल्या औषधांची चिठ्ठी दवाखान्यात दाखवा. त्यातल्या काही वेदनाशामक गोळ्या गरोदरपणी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, चालत नाहीत. कळ पुन्हा आली तर दिवस गेल्याचं आधी सांगा, म्हणजे सोनोग्राफीनं सुरुवात होईल. तीत हे किरण नसतात. सोबत थंडी-ताप असला, तर घरी न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात जा.