औषधफेरीतील चूक : एक अभ्यासपाठ

रोग्यास औषध देणाऱ्याने पाच गोष्टी पडताळून पाहाव्या, हा नियम नर्सबाईंच्या शिक्षणात आरंभीच शिकविला जातो. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ, ह्या त्या पाच गोष्टी होत. मार्ग म्हणजे औषध तोंडाने द्यावयाचे, शिरेतून द्यावयाचे की कातडीखाली टोचावयाचे, हे होय. पाच शब्द मुखोद्गत करणे कठीण नाही. परंतु ते पाठ असताही चूक कशी घडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ह्याकरिता खाली एका औषधफेरीचे वर्णन अभ्यासासाठी रचून दिले आहे. तीत एकच चूक आहे. वाचकांनी उत्तर पाहण्यापूर्वी ती स्वतः शोधून काढावी.

फेरीचे वर्णन

सायंकाळचे सात वाजले आहेत. स्त्रियांच्या वॉर्डात नर्सबाई औषधांचा ट्रे व केसपेपर घेऊन निघतात.

तिसऱ्या खाटेवरील बाईंना त्या विचारतात, “आपले पूर्ण नाव काय?” बाईंनी सांगितलेले नाव त्या मनगटावरील पट्टीशी व केसपेपराशी ताडून पाहतात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम तोंडाने द्यावे असे लिहिले आहे. ट्रेमध्ये २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. त्या दोन गोळ्या पाण्याबरोबर देतात व दिल्याची नोंद करितात.

पाचव्या खाटेवरील बाईंना एक कॅप्सूल तोंडाने द्यावयाची आहे. परंतु त्यांना दुपारपासून सारख्या उलट्या होत आहेत. नर्सबाई कॅप्सूल देत नाहीत. डॉक्टरांना कळवितात, आणि न देण्याचे कारण केसपेपरावर लिहितात.

आठव्या खाटेवरील बाई मधुमेहाच्या रोगी आहेत. साधे इन्सुलिन २० युनिट, रात्रीच्या जेवणापूर्वी अर्धा तास, कातडीखाली, अशी लेखी सूचना आहे. नर्सबाई नाव विचारून पट्टी पाहतात. कुपीवरील औषधाचे नाव व मुदतीची तारीख वाचतात. कुपीवर “प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० युनिट” असे छापले आहे. ट्रेमधील लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज घेऊन तीत २० ह्या खुणेपर्यंत औषध भरतात, पोटावरील कातडी चिमटीत धरून टोचतात, आणि नोंद करितात. साडेसात वाजता जेवण येते.

चूक कोठे आहे?

कित्येकांस तिसऱ्या खाटेजवळ शंका येईल, कारण सूचना ५ ची आणि गोळी २.५ ची आहे. परंतु अशा दोन गोळ्या मिळून ५ मिलिग्रॅमच होतात. तेथे मात्रा बरोबर आहे. शिवाय नर्सबाईंनी “तुम्ही अमुकच ना?” असे न विचारता रोग्याकडून पूर्ण नाव वदवून घेतले, हेही योग्य झाले. ऐकू कमी येणारा किंवा ग्लानीत असलेला मनुष्य कोणत्याही नावास “होय” म्हणून मान डोलावितो.

पाचव्या खाटेजवळ औषध राहून गेले, ही चूक आहे असे दुसऱ्या कोणास वाटेल. परंतु उलटीबरोबर पडून जाणारे औषध तोंडाने देण्यात अर्थ नाही. मार्ग बदलावयाचा की थांबावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. नर्सबाईंनी मनाने काही न करिता कळविले व लिहून ठेविले, हेच त्यांचे कर्तव्य होते.

खरी चूक आठव्या खाटेजवळ आहे. तेथे रोगी योग्य, औषध योग्य, मार्ग योग्य आणि वेळही योग्य. मात्रा मात्र चुकली. आपल्या देशात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचे मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले, आणि १०० युनिट असलेले. प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या औषधासाठी, व नारिंगी टोपणाची १०० च्या औषधासाठी असते. लाल सिरिंजवर एक मिलिलिटरचे ४० भाग केलेले असल्यामुळे तिची २० ही खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर होय. कुपी जर ४० ची असती, तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये बरोबर २० युनिट आले असते. परंतु कुपी १०० ची होती. म्हणून अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट गेले. सूचनेच्या अडीचपट औषध रोग्याच्या अंगात गेले.

ही चूक डोळ्यांस का दिसत नाही, हे ध्यानात घ्यावे. केसपेपरावर २० आणि सिरिंजवरही २०. दोन आकडे जुळले की मनाचे समाधान होते. परंतु जुळवावयाचे आकडे आणखी दोन होते : कुपीवरील तीव्रता व सिरिंजवर छापलेली तीव्रता. कुपीवर १०० तर सिरिंजवरही १०० पाहिजे. “योग्य मात्रा” हे शब्द काय साधावयाचे ते सांगतात. कसे साधावयाचे ते सांगत नाहीत. म्हणून इन्सुलिन टोचण्यापूर्वी दुसऱ्या नर्सबाईंनी सूचना, कुपी व भरलेली सिरिंज ही तिन्ही स्वतः वाचून पाहण्याची रीत पुष्कळ इस्पितळांत आहे. त्या दुसऱ्या बाईंना “वीस भरले आहे, पाहा” असे आधी सांगू नये. सांगितल्यास त्यांनाही वीसच दिसतील.

पुढे काय होते व काय करावे

साधे इन्सुलिन सुमारे अर्ध्या तासात काम करू लागते, आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. म्हणजे ह्या बाईंस खरा धोका रात्री नऊ ते अकराच्या सुमारास, वॉर्ड निजल्यावर, येईल. रक्तातील साखर उतरली असता दरदरून घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते, बोलणे असंबद्ध होते, आणि शेवटी शुद्ध हरपते. झोपलेल्या रोग्याची ही लक्षणे कोणाच्या ध्यानात न येण्याचा संभव असतो.

चूक लक्षात येताच, लक्षणांची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे. बोटाच्या रक्ताने साखर तपासावी, व ती तपासणी रात्रभर वारंवार करावी. साखर उतरलेली असून रोगी शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाईल. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. घरी असे घडल्यास विलंब न लावता इस्पितळात न्यावे.

घरच्या घरी इन्सुलिन घेणाऱ्यांस हाच धडा लागू आहे. नवी कुपी किंवा नवी सिरिंज आणताना जुनी बरोबर न्यावी, व दोहोंवरील आकडा जुळवून घ्यावा. इन्सुलिनच्या पेनातील काडतुसात साधारणतः १०० चे औषध असते. पेन बिघडले म्हणून ते लाल सिरिंजने कधीही ओढून घेऊ नये.

उजळणीचे प्रश्न

१. पाचव्या खाटेवरील बाईंना कॅप्सूल न देणे योग्य का होते?

२. कुपी ४० ची, सिरिंज नारिंगी टोपणाची, व औषध २० ह्या खुणेपर्यंत भरले, तर किती युनिट जातील?

३. अशाने रोग्यास कोणत्या प्रकारचा अपाय होईल?

उत्तरे : (१) उलटीमुळे तोंडाचा मार्ग त्या वेळी योग्य नव्हता. (२) नारिंगी सिरिंजची २० ही खूण म्हणजे मिलिलिटरचा पाचवा भाग. ४० चा पाचवा भाग ८, म्हणून ८ युनिट. (३) औषध कमी पडून साखर चढत राहील. तहान व लघवी वाढेल, आणि औषध लागू पडत नाही असा चुकीचा समज होऊन मात्रा वाढविली जाईल. मग ज्या दिवशी योग्य सिरिंज हाती येईल, त्या दिवशी ती वाढविलेली मात्रा पुरी अंगात जाऊन साखर एकाएकी उतरेल.