तासगावचा बेदाणा आणि २५ रुपये ९६ पैसे

‘आमच्या मुलीला अकाउंट्स जमेल का?’ असं विचारणारे पालक बहुतेक वेळा तिचे गणिताचे गुण पुढे करतात. माझ्या मते गुणांवरून ते फारसं कळत नाही. या कामात डोकं कुठे लागतं, ते एका गोष्टीतून सांगतो. गोष्ट काल्पनिक आणि आकडे नमुन्याचे, पण हिशेबाची रीत खरी आहे.

तासगावातलं बेदाण्याचं दुकान. मालकांनी एका ऑनलाइन बाजारात ४०० ग्रॅमचा बॉक्स विकायला ठेवला. ठरावीक दिवसांनी बँकेत जी रक्कम येई, ती ते ‘विक्री’ म्हणून वहीत मांडत. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने वही हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी वाद झाला.

“बाबा, ही विक्री नाही. कमिशन, कुरिअर, टीडीएस सगळं कापून उरलेली रक्कम आहे.”

“पैसे जमा होतायत ना? मग झालं की!”

तिने ऑनलाइन बाजाराची सेटलमेंट फाइल उतरवून घेतली. त्यात प्रत्येक ऑर्डरची विक्रीची किंमत आणि त्यातून झालेली प्रत्येक कपात वेगळ्या रकान्यात असते. तिने आधी पूर्ण विक्री मांडली, मग कपाती त्यांच्या त्यांच्या खात्यात टाकल्या. बेरीज बँकेशी जुळली. बरेच जण इथे फाइल मिटतात.

तिने मात्र कुरिअरचा रकाना वस्तूनुसार लावून पाहिला. बाकीच्या वस्तूंचे दर पूर्वीचेच होते. ४०० ग्रॅमच्या बॉक्सला मेपर्यंत ५० रुपये लागत, जूनपासून ७२. वरचे २२ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ९६ पैसे, म्हणजे दर ऑर्डरला २५ रुपये ९६ पैसे जादा. हाच आकडा १४० वेळा. हाताने लिहिताना चूक झाली असती तर आकडे वेगवेगळे निघाले असते. पैशापर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो तेव्हा चूक यंत्रणेत कुठेतरी एकदाच नोंदली गेलेली असते, आणि तिथून ती प्रत्येक बिलात उतरते.

दर तर वाढले नव्हते. मग वजन? भरलेला बॉक्स काट्यावर ४५० ग्रॅम भरला. पण कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५००० ने भागतात, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर आकारणी करतात. तिचा बॉक्स २४ बाय १६ बाय ६, म्हणजे जवळपास ४६१ ग्रॅम. अर्ध्या किलोच्या आतच. ऑनलाइन बाजाराच्या नोंदीत मात्र उंची ९ होती. त्याने वजन ६९० ग्रॅमच्या वर गेलं आणि बॉक्स पुढच्या टप्प्यात पडला. गोदामात एखादा फुगलेला बॉक्स मोजला गेला असावा, आणि तेच माप वस्तूच्या नावावर चिकटलं.

तक्रारीसोबत तिने मोजपट्टी लावलेल्या आणि काट्यावर ठेवलेल्या बॉक्सचे फोटो जोडले, ऑर्डर क्रमांकांची यादी दिली. माप दुरुस्त झालं. पण अशा तक्रारींना मुदत असते. ६२ ऑर्डरी त्या मुदतीत बसल्या आणि १,६०९ रुपये ५२ पैशांची क्रेडिट नोट आली. उरलेल्या ७८ ऑर्डरींचे पैसे गेले ते गेलेच.

“हे विक्रीत धर आता,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा. १,३६४ रुपयांनी कुरिअरचा खर्च कमी होईल. उरलेले २४५ रुपये ५२ पैसे जीएसटीचे आहेत. त्याचं क्रेडिट आपण आधीच घेतलंय, ते परत करायचं.”

बाबांनी हिशेब पुन्हा एकदा करून घेतला. दुकानदार तो!

या कामाला रिकन्सिलिएशन म्हणतात. ऑनलाइन विक्रेते, त्यांचे कर सल्लागार आणि सीए कार्यालयं यांच्याकडे ते रोजचं आहे. सुरुवातीला बी.कॉम., जीएसटीची नीट ओळख, टॅली आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल एवढं पुरतं. पुढे सीए करायचं असेल तर बारावीनंतर फाउंडेशनची वाट आहेच. वाणिज्य शाखेच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली आहे. ज्यांना कारखान्यातला उत्पादनखर्च जास्त आवडतो त्यांनी सीएमए पाहावं.

फी भरण्याआधी एक करा. ओळखीच्या दुकानदाराची एका महिन्याची सेटलमेंट फाइल मागून घ्या आणि मुलीला बँकेशी जुळवायला द्या. बेरीज जुळली की ती उठते, की एखाद्या रकान्यावर थांबून ‘हे कधीपासून असं लागतंय?’ म्हणून मागचा महिना मागते, एवढंच पाहा.