पत्रलेखन : पोस्टाने आलेल्या भेटीबद्दल आभाराचा ई-मेल



नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात आभाराचं पत्र असतं. मुलं साधारण असं लिहितात : 'आपण पाठवलेली भेटवस्तू मिळाली. मला ती खूप आवडली. धन्यवाद.' यात चूक काहीच नाही, पण हे पत्र स्वेटरलाही चालेल आणि पेनलाही. हातात दिलेली भेट घेताना आपला चेहरा समोरच्याला दिसतो. पोस्टाने पाठवणाऱ्याला मात्र पार्सल पोहोचलं का, फुटलं तर नाही ना, हेसुद्धा कळत नाही. ते पत्रातूनच कळायला हवं.

समजा, इंदूरच्या मावशींनी, म्हणजे आईच्या मावसबहिणीने, दुर्बीण पाठवली आहे. नाशिकची मुलगी लिहिते :

विषय : नाशिकहून – दुर्बीण मिळाली

तीर्थस्वरूप मावशींना,
साष्टांग नमस्कार.

मी तुमच्या नाशिकच्या ताईची धाकटी मुलगी. तुम्ही पाठवलेलं पार्सल शुक्रवारी दुपारी पोस्टमनकाकांनी आणून दिलं. दुर्बिणीच्या काचा सुखरूप आहेत. सोबतची चिठ्ठी मी आजीला वाचून दाखवली.

आज रविवारी आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. नुसत्या डोळ्यांना लांबवर पांढरे ठिपके दिसत होते. दुर्बिणीतून त्यांच्या चपट्या चोची दिसल्या आणि ते चमचे पक्षी आहेत हे ओळखता आलं.

तुमचे मनापासून आभार. नाशिकला आलात की आपण मिळून तिथे जाऊ. काकांना नमस्कार.

तुमची भाची,
अ. ब. क.
नाशिक

आता मुलांना एकेक जागा दाखवा. विषयात गाव आणि वस्तू आहे. नुसतं 'धन्यवाद' असतं, तर अनोळखी पत्त्यावरून आलेला हा मेल मावशींनी कदाचित उघडलाच नसता. नातं लांबचं, म्हणून पहिल्याच वाक्यात ओळख दिली, तीही मावशींच्या बाजूने. 'तीर्थरूप' आपण आईवडिलांसाठी लिहितो. इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. सख्ख्या मावशीला 'तू' म्हणत असलो, तरी क्वचित भेटणाऱ्या मावशींना 'तुम्ही' बरं. मात्र ते शेवटपर्यंत टिकवायचं. 'तुम्ही पाठवलीस' अशी सरमिसळ मुलं हमखास करतात.

पाच दिवस थांबून वापराचं लिहिण्यापेक्षा पोहोच आधी कळवलेली बरी. वापर झाला नसेल, तर 'रविवारी नेणार आहे' एवढंही पुरतं. किंमत विचारू नये. आणि न आवडलेल्या वस्तूचं खोटं कौतुक करण्यापेक्षा, त्यांनी आठवणीने पाठवली, पोस्टात जाऊन पार्सल केलं, याबद्दल लिहावं. ते खरंच असतं.

तपासताना एक सोपी कसोटी लावा. पत्रातला 'दुर्बीण' हा शब्द बोटाने झाका. उरलेल्या मजकुरावरून वस्तू ओळखता आली, तर पत्र जमलं.