उकळलेले दूध फ्लास्कमध्येच का आंबते?

मे महिन्यात बडनेरा परिसरात पारा ४४-४५ अंशांवर जातो. वखरणी, पऱ्हाट्या वेचणे, काडीकचरा जाळणे ही कामे ऊन चढायच्या आत उरकायची म्हणून माणसे पहाटेच वावरात जातात आणि लेकरांसाठी, चहासाठी दूध फ्लास्कमध्ये किंवा स्टीलच्या बाटलीत सोबत नेतात. हे दूध रात्री नीट उकळलेले असते, फ्रिजमध्ये ठेवलेले असते, सकाळी भरताना त्याला कसलाही वास नसतो. तरी दुपारी चहाला टाकले की ते नासते. मग दोष दुधाला दिला जातो, दूधवाल्याला दिला जातो, नाहीतर उन्हाला. या तिन्हींचा थोडाफार वाटा असेलही. पण उकळलेले दूध जेव्हा आंबट होते, तेव्हा पहिला संशय भांड्यावरच घ्यायला हवा. तसे म्हणायला भक्कम कारण आहे, आणि ते त्या आंबट चवीतच आहे.

दूध आंबवणारे जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. विरजणात असतात ते हेच. पाश्चरने १८५७ साली दाखवून दिले की दूध आपोआप आंबत नाही, ते काम जिवंत सूक्ष्म जीव करतात. हे जिवाणू फार चिवट नाहीत. दूध खळखळून उकळले की ते मरतात. उकळीतून वाचतात ते वेगळ्या जातीचे. काही जिवाणू भोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात राहतात आणि १०० अंशांतही तग धरतात. दूध कोमट झाले की ते जागे होतात. पण त्यांची खूण निराळी असते. दूध बऱ्याचदा फारसे आंबट न होताच फाटते, तळाशी मऊ गाठी धरतात, चव कडवट लागते. म्हणजे नासलेले दूध बघून बरेचसे निदान घरच्या घरी होते. कडवट, आंबट न होता फाटलेले दूध असेल, तर ते उकळल्यानंतर फार वेळ कोमट राहिले असे समजावे, आणि ते कुणालाच, विशेषतः लहान मुलांना, देऊ नये. आंबट, दह्यासारख्या वासाचे दूध असेल, तर आंबवणारे जिवाणू उकळीनंतर त्यात शिरले. उकळीनंतर दुधाला लागते काय? पळी, गाळणी, हात, आणि सर्वांत जास्त वेळ बाटली व तिचे झाकण.

मूळचेच दूध खराब असेल तर, अशी शंका कुणी घेईल. शंका रास्त आहे, पण तसे दूध चुलीवरच पकडले जाते. ताज्या दुधात आम्लता साधारण ०.१३ ते ०.१७ टक्के असते. ती ०.२० ते ०.२५ टक्क्यांपर्यंत वाढली की दूध उकळीला फाटते. आदल्या संध्याकाळचे उरलेले दूध सकाळच्या दुधात मिसळले तर हेच होते. जे दूध रात्री उकळीला तगले, ते त्या वेळी ठीक होते. बिघाड त्यानंतरचा आहे.

आता झाकणाकडे जवळून बघू. फ्लास्कच्या बुचाला खाली एक रबरी कडी असते. बटण दाबून दूध ओतायचे बूच असेल, तर आत स्प्रिंग आणि पोकळी असते. बूच वरून चकचकीत धुतले जाते, पण कडीच्या खाचेत कालच्या दुधाचा एक थेंब राहून जातो. रात्रभरच्या उकाड्यात तो थेंब पुरता आंबतो. दह्याइतक्या आंबलेल्या दुधात एका मिलिलिटरला १० कोटींच्या घरात जिवाणू सहज असतात. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग, म्हणजे ५० लाख जिवाणू झाले. सकाळी त्यावर एक लिटर स्वच्छ दूध ओतले की प्रत्येक मिलिलिटरला ५,००० जिवाणू मिळाले. चाळीस अंशांच्या आसपास ते साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरू. अकरा वेळा दुप्पट झाले की आकडा कोटीवर जातो, आणि तिथून आंबटपणा जाणवायला लागतो. अकरा अर्धे तास म्हणजे साडेपाच तास. सकाळी सहाला भरलेले दूध साडेअकराला बिघडलेले असते ते असे. तेच बूच स्वच्छ असते आणि मिलिलिटरमागे दहाच जिवाणू गेले असते, तर त्याच गरमीत कोटीचा आकडा गाठायला दहा तास लागले असते. एका थेंबाने निम्मा दिवस घालवला.

या हिशेबात चाळीस अंश आले कुठून, हे सांगायला हवे, कारण भांडे स्वच्छ असूनही चूक होते ती इथे. फ्लास्कचा शोध डेवार यांनी १८९२ साली लावला तो अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. फ्लास्क काही गरम करत नाही की थंड करत नाही. जे भरले ते तसेच धरून ठेवतो. कोमट दूध भरले तर कोमटच धरून ठेवतो. हिवाळ्यात दही लागत नाही म्हणून बायका विरजण लावलेले कोमट दूध फ्लास्कमध्ये किंवा गरम डब्यात ठेवतात, आणि दही छान लागते. दही लागायला ४० ते ४३ अंश उत्तम. फ्रिजमधले दूध सकाळी ‘जरासे कोमट करून’ फ्लास्कमध्ये भरणे म्हणजे तेच करणे, फक्त विरजण झाकणातून येते. म्हणून दूध एकतर उकळते भरावे, नाहीतर फ्रिजमधून काढल्याबरोबर थंडगार. मधले काही नको. गरम भरायचे तर फ्लास्क आधी गरम पाण्याने शेकून घ्यावा, थंड भरायचे तर माठाच्या किंवा बर्फाच्या पाण्याने गार करावा, आणि दोन्ही वेळी गळ्यापर्यंत भरावा. अर्धा रिकामा फ्लास्क लवकर दगा देतो. गरम दूध ६० अंशांच्या वर आहे तोवर निर्धास्त राहावे. आपला फ्लास्क ती गरमी किती तास धरतो, हे एकदा पाणी भरून तापमापकाने मोजून ठेवले की रोज अंदाज बांधत बसावे लागत नाही. साध्या एकपदरी स्टीलच्या बाटलीला यातले काहीच जमत नाही. ती उन्हात तासाभरात उन्हाइतकी होते. तिला ओले फडके किंवा गोणपाट गुंडाळून सावलीत टांगावे. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने फडके ओले ठेवले तर चांगला गारवा मिळतो. जूनमध्ये हवा दमट झाली की हा उपाय फिका पडतो.

आता धुण्याचे. ‘आम्ही तर उकळत्या पाण्यानेच धुतो’ असे बऱ्याच घरांत सांगितले जाते, आणि तिथेच चूक होते. दूध लागलेल्या भांड्यात आधी कढत पाणी घातले की दुधातली प्रथिने शिजून भिंतीला चिकटतात. त्यावर पाण्यातला क्षार बसतो. भातकुली-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आणि विहीर-बोअरच्या जड पाण्यावर असलेल्या गावांत तो लवकर बसतो. प्रथिने, चरबी आणि चुन्याचा क्षार मिळून जो पिवळट-पांढरा, खरखरीत थर होतो, त्याला दुग्धव्यवसायात दूधखडा म्हणतात. ओला असताना तो दिसत नाही. भांडे कोरडे करून टॉर्चच्या उजेडात बघितले की ढगासारखे डाग दिसतात, बोट फिरवले की लागतो. त्याच्या भेगांत जिवाणू बसतात आणि वरून ओतलेले गरम पाणी त्यांच्यापर्यंत पुरते पोहोचत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

दूध संपल्याबरोबर, ते वाळायच्या आत, साध्या पाण्याने खळबळून टाकावे. वावरातच एक पेला पाणी घालून हलवले तरी निम्मे काम होते. घरी आल्यावर एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, धुण्याचा सोडा विरघळवून १५-२० मिनिटे भरून ठेवावे. चरबी आणि प्रथिने सोडा सोडवतो. मग लांब दांड्याच्या मऊ ब्रशने तळ आणि गळा घासावा. फ्लास्क काचेचा असेल तर तारेच्या टोकाचा ब्रश वापरू नये, आणि गार काचेत एकदम उकळते पाणी ओतू नये, तडकते. बूच उघडावे, रबरी कडी पिनेने नव्हे तर चमच्याच्या मागच्या बोथट टोकाने काढावी, खाच घासावी. कडी पाच मिनिटे पाण्यात उकळावी. ती चिकट झाली असेल किंवा तडे गेले असतील तर बदलावी. तड्यातला जिवाणू कुठल्याही साबणाने निघत नाही. सगळे खळबळून झाल्यावर शेवटी, आता मात्र उकळते पाणी भरून पाच-दहा मिनिटे ठेवावे.

चुन्याच्या थराला सोडा काही करत नाही. त्याला आंबटच लागते. आठवड्यातून एकदा लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व, किंवा निम्मे व्हिनेगर निम्मे पाणी, अर्धा तास भरून ठेवावे आणि घासून धुवावे. ब्लीचिंग पावडर वापरायची सवय असेल तर ती आम्लासोबत कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. ॲल्युमिनियमच्या कॅनला धुण्याचा सोडा खातो, म्हणून त्या कॅन भांड्याच्या साबणानेच धुवाव्या. कुणी म्हणेल, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही आणि ही एवढी धुणी कुठून? पण भांडे काठोकाठ भरून ओतण्यापेक्षा पेलाभर पाणी तीनदा जोरात हलवून टाकले तर कमी पाण्यात जास्त निघते, आणि सोड्याच्या त्याच पाण्यात एकामागून एक दोन-तीन बाटल्या होतात.

दुधात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून ते ‘टिकवायचा’ उपाय काही जण करतात. सोडा आम्लता झाकतो, जिवाणू तसेच वाढत राहतात. म्हणजे दूध बिघडल्याची खूण तेवढी पुसली जाते. विकायच्या दुधात तर ही भेसळच ठरते.

धुतलेले भांडे झाकण लावून ठेवणे ही शेवटची चूक. आत राहिलेल्या ओलीत उरलेसुरले जिवाणू रात्रीतून वाढतात. भांडे उपडे, बूच वेगळे, कडी वेगळी, आणि मे महिन्याचे ऊन असताना सगळे उन्हात वाळवावे. धुणे नीट झाले का याची परीक्षा सोपी आहे. कोरडे भांडे एका रात्रीपुरते मुद्दाम बंद करून सकाळी झाकण उघडताच वास घ्यावा. आंबूस वास आला तर खाचेत किंवा थरात काहीतरी राहिले आहे; पुन्हा सोडा, पुन्हा लिंबूसत्त्व. पावसाळा लागला की ऊन मिळणार नाही, तेव्हा चूल विझल्यावर तिच्या उबेला भांडे उपडे ठेवावे आणि कडी सकाळपर्यंत बुचात बसवू नये.