दोन भाषांतल्या कॅप्शनला किती मोजाल?

ठाण्यातला एक घरगुती फराळाचा व्यवसाय डोळ्यांसमोर आणा. दिवाळीआधी इन्स्टाग्रामवर बारा पोस्ट टाकायच्या आहेत. ग्राहक ठाण्यातले आहेत, तसे दुबई, लंडन आणि न्यू जर्सीचेही. लेखक विचारतो, ‘मराठीत लिहू की इंग्रजीत?’ मालकीणबाई म्हणतात, ‘दोन्हीत.’ पण दोन्हीत लिहिण्याचे प्रकार दोन आणि त्यांचे दरही दोन, हे तिथेच बोलून घ्यायला हवं.

पहिल्या प्रकारात सगळा मजकूर आधी मराठीत आणि खाली तोच इंग्रजीत. दुसऱ्यात मिसळ: चव, आठवण, थट्टा मराठीत आणि व्यवहाराचं इंग्रजीतही. ताशी पाचशे रुपये हा दर केवळ हिशेबापुरता धरू. पहिल्या प्रकाराला एका कॅप्शनमागे तासभर लागतो, म्हणजे बारांचे सहा हजार. मिसळीत आधी दोन तास बसून कोणती माहिती कोणत्या भाषेत जाईल ते ठरवावं लागतं. त्याचे एक हजार. मग इंग्रजी ओळींचा साचा तयार असल्याने प्रत्येकी अर्धा तास पुरतो, त्याचे तीन हजार. एकूण चार. पोस्ट दोनच असतील तर मात्र गणित उलटतं: मिसळीचे दीड हजार, पूर्ण दोन्हींचे एक हजार. या दराने चार पोस्टपर्यंत मिसळीच्या वाटेला जाऊ नये.

शब्दामागे दर ठरवू नका. तो भाषांतराच्या कामाला ठीक. कॅप्शन नेटकं असेल तर आखूड होतं, आणि आखूड लिहिणाऱ्याचेच पैसे कापले जातात. दर कॅप्शनमागे ठरवा आणि एक दुरुस्ती त्यातच धरा.

ते पहिले दोन तास कशात जातात? तीन गोष्टी दोन्ही भाषांत पूर्ण हव्यात: किंमत, मुदत आणि घटक. न्यू जर्सीत पैसे भरणारी सून अमराठी असू शकते, मुलांना देवनागरी वाचता येत नसेल. चिवड्यात शेंगदाणे आहेत, चकलीत तीळ आहेत, हे त्यांना इंग्रजीतच कळायला हवं. अमेरिकेत २०२३पासून तीळही प्रमुख अॅलर्जीकारक घटकांत मोजले जातात. इथे अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी चालत नाही. उलट ‘भाजणी खमंग भाजलेली’ याचं इंग्रजी करण्यात पैसे घालवू नका. तो मजकूर ज्याच्यासाठी आहे, तो मराठी वाचतोच.

मुदत लिहिताना सर्वांत जास्त घोळ होतात. १०/११ असं लिहिलं की ठाण्यात १० नोव्हेंबर आणि अमेरिकेत ११ ऑक्टोबर. महिना अक्षरात लिहायचा. वेळेचंही तेच. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात, लंडनमध्ये दुपारचे साडेचार आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा. लंडनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे पहिल्या पोस्टमधली वेळांची ओळ नोव्हेंबरात जशीच्या तशी चिकटवली तर ती चुकते. इंग्रजी ओळींतले आकडेही इंग्रजीच ठेवा. वजन ग्रॅममध्ये द्या, पण अर्धा किलो म्हणजे साधारण १.१ पौंड, एवढं शेजारी लिहिलं की अमेरिकेतून त्याच चौकशा येत नाहीत.

मग क्रम. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांपर्यंत कॅप्शन घेतं, पण फीडमध्ये सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात. बाकीचं बोट लावल्यावर. या जागेत एक छोटी मराठी ओळ आणि लगेच इंग्रजीत पदार्थ व शेवटची तारीख बसवा. बरेच लेखक मराठीचा लांब परिच्छेद आधी देतात, मग इंग्रजी वाचणाऱ्याला आपल्यासाठी काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

काम हातात आलं की पैसे देण्याआधी तपासायचं कसं? मराठी ओळी झाकून फक्त इंग्रजी वाचा: काय, कितीला, कधीपर्यंत, त्यात काय आहे, हे कळलं पाहिजे. मग इंग्रजी झाकून तेच करा. मराठी ओळी एकट्या वाचताना इंग्रजीचा सांगाडा जाणवला, जसं ‘आमच्या चकल्या प्रेमाने बनवल्या जातात’, तर दुरुस्तीला पाठवा. घरातली कुठलीही मावशी चकलीबद्दल असं बोलत नाही. शेवटची नजर परदेशातल्या एखाद्या ग्राहकाकडून टाकून घ्या. मोबदला म्हणून फराळाचा एक डबा दिलात तरी ती मंडळी खुशीत असतात.

लेखक जीएसटी नोंदणीकृत आहे का, हे आधी विचारा. असेल तर चार हजारांवर १८ टक्के, म्हणजे ७२० रुपये वाढतात, आणि तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत. इंग्रजी ओळींचा साचा पुढच्या वर्षी तुम्हीच वापरणार असाल, तर तेही आत्ताच बोलून घ्या. मग पुढच्या दिवाळीला ते पहिले एक हजार पुन्हा द्यावे लागणार नाहीत.